वांग जात नाही? आधी सनस्क्रीनची ट्यूब किती दिवस पुरते ते बघा

तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे. कापसाची वेचणी सुरू झाली की गालावर, कपाळावर आणि वरच्या ओठावर तपकिरी डाग घेऊन बाया येतात आणि पहिला प्रश्न असतो, "डाग घालवायची क्रीम कोणती?" सनस्क्रीनचं नाव काढलं की ती शहरातल्या पोरींची चीज वाटते. उलट शेतात राबणाऱ्या बाईला तिची गरज सर्वांत जास्त आहे. ऊन लागलं की त्वचेतल्या रंग बनवणाऱ्या पेशी कामाला लागतात, आणि वांग असलेल्या जागी त्या आधीच चेकाळलेल्या असतात. रात्रीच्या क्रीमनं जे थोडं उतरतं, ते दुसऱ्या दिवशीचं ऊन परत चढवतं. म्हणून आधी ऊन अडवा, मग क्रीमचं बघू.

सगळ्यात मोठी चूक: वाटाण्याएवढं लावणं

गेल्या संक्रांतीच्या सुमारास एक वहिनी आल्या. "भाऊ, महागाची ट्यूब नेली, रोज लावतो मी, पण डाग काही कमी होऊन नाही रायले." ट्यूब आणायला सांगितली. दसऱ्याला नेलेली ५० ग्रॅमची ट्यूब अजून अर्धी शिल्लक होती! म्हणजे साधारण १०० दिवसांत २५ ग्रॅम, दिवसाला पाव ग्रॅम.

ट्यूबवरचा एसपीएफ ५० हा ऊन अडवायच्या ताकदीचा आकडा त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो. त्या हिशेबानं चेहरा, कान आणि मान मिळून दीड ते दोन ग्रॅम लागतं. वहिनी लावत होत्या त्याचा सहावा-आठवा हिस्सा. एवढ्यात ५० चा आकडा दहाच्याही खाली येतो, आणि त्यातही सकाळी ७ ला लावलेलं घामात ९-१० पर्यंत निघून गेलेलं.

मोजायची रीत सोपी आहे. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत सनस्क्रीनची एकेक रेघ काढा. चेहरा, कान आणि गळ्याला मिळून एवढं लागतं. मी सांगतो ते असं की दोन्ही बोटांचं एकदम चोपडू नका, चेहरा पांढरा दिसतो आणि मग बाया पुसून टाकतात. आधी एका बोटाचं लावा, दोन-तीन मिनिटं मुरू द्या, मग दुसऱ्या बोटाचं. गालाची उंच हाडं, कपाळ आणि वरचा ओठ सोडू नका, वांग तिथंच येतो. घरून निघायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावा. बांधावर दर दोन तासांनी घाम सुती कापडानं टिपून घ्या, घासू नका, आणि पुन्हा लावा.

वहिनींना औषध बदलून दिलं नाही, फक्त हे माप दिलं आणि तोंडावर दुपट्टा बांधायला सांगितलं. मृगापर्यंत डागांच्या कडा फिकट झाल्या होत्या. पूर्ण गेला नाही. खोलवरचा वांग नुसत्या सनस्क्रीननं जात नाही, त्याला त्वचारोगतज्ज्ञच लागतात.

खर्चाचं गणित खरं आहे. दिवसाला दोन ग्रॅम म्हटलं तर ५० ग्रॅमची ट्यूब २५ दिवसांत संपते, दिवसातून दोनदा लावली तर त्याहून लवकर. म्हणून महागाची ट्यूब जपून वापरण्यापेक्षा स्वस्तातली पोटभर लावा. मान दुपट्ट्यानं झाका, तेवढी ट्यूब वाचते. घेताना एसपीएफ ३० किंवा ५० आणि 'ब्रॉड स्पेक्ट्रम' बघा. वांगासाठी त्वचेच्या रंगाची, आयर्न ऑक्साइड असलेली मिळाली तर तीच घ्या, कारण सावळ्या त्वचेचा वांग नुसत्या उजेडानंही वाढतो आणि साधी सनस्क्रीन तो उजेड अडवत नाही.

दुसरी चूक: आठ दिवसांत उजळवणारी ट्यूब

याचा मला राग येतो. शेजारणीनं सांगितलं म्हणून चिठ्ठीशिवाय मागतात, आणि काही दुकानं देतातही. त्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. पंधरवड्यात चेहरा खुलतो, बाई खूश. काही महिन्यांनी त्वचा पातळ, लालसर, उन्हात आग, बारीक केस, आणि बंद केलं की डाग आधीपेक्षा गडद. अशी ट्यूब बरेच दिवस लावली असेल तर एकदम फेकू नका, डॉक्टरला दाखवून सोडा.

बाकीच्या

लिंबू चोळून उन्हात जाऊ नका, नवे डाग पडतात.

सनस्क्रीन फक्त मे महिन्यात नाही. वेचणी थंडीत असली तरी ऊन असतंच, ढगाळ दिवशीही.

पावडरीत किंवा क्रीममध्ये मिसळून लावलं की माप बिघडतं.

एकच डाग वेगानं वाढत असेल, कडा वेड्यावाकड्या असतील किंवा रक्त येत असेल, तर तो वांग समजून बसू नका, त्याच आठवड्यात दाखवा.