किमतीवरून सीमांत खर्च काढताना या चुका टाळा

विक्रेत्याचा सीमांत खर्च, म्हणजे आणखी एक नग तयार करण्यासाठी त्याला येणारा खर्च, बाहेरच्या माणसाला सहसा दिसत नाही. किंमत मात्र दिसते आणि विक्रीच्या आकडेवारीवरून मागणीची लवचिकताही, म्हणजे किंमत एक टक्का बदलली की मागणी किती टक्के बदलते हेही, अजमावता येते. या दोहोंवरून खर्च काढण्याचे सूत्र असे आहे:

```
(P − MC) / P = θ / |ε|
```

यातील P ही किंमत, MC हा सीमांत खर्च, ε ही बाजाराच्या मागणीची लवचिकता आणि θ हे स्पर्धेचे माप आहे. पूर्ण स्पर्धेत θ शून्य असतो, पूर्ण मक्तेदारीत १, आणि उत्पादनाचे प्रमाण ठरवून स्पर्धा करणाऱ्या मोजक्या विक्रेत्यांच्या बाजारात, म्हणजे कूर्नो पद्धतीच्या अल्पाधिकारात, तो त्या कंपनीच्या बाजारातील वाट्याइतका असतो. सूत्र सोपे आहे; घोटाळे होतात ते θ गृहीत धरताना.

ही पद्धत पडताळून पाहण्यासाठी अमेरिकेतील साखर शुद्धीकरणाच्या धंद्याइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल, कारण तेथे खरा खर्च जवळजवळ थेट मोजता येतो. डेव्हिड जेनेसोव्ह आणि वॉलेस मलिन या अर्थशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १८९० ते १९१४ हा काळ तपासला. शंभर पौंड शुद्ध साखरेसाठी सुमारे १०७.५ पौंड कच्ची साखर लागत असे आणि मजुरी, इंधन इत्यादींसाठी सुमारे २६ सेंट. समजा, कच्च्या साखरेचा भाव शंभर पौंडांना ३.५० डॉलर आहे. मग कच्चा माल ३.७६ डॉलरचा आणि सीमांत खर्च ४.०२ डॉलरचा होतो. शुद्ध साखरेचा भाव ४.२५ डॉलर आणि लवचिकता २ धरू. (हे भाव आणि ही लवचिकता हिशेबापुरती घेतली आहे.)

पहिली आणि सर्वांत महागडी चूक म्हणजे कंपनीचा आकार पाहून बाजाराची रचना ठरवणे. १८९२ च्या सुमारास अमेरिकन शुगर रिफायनिंग कंपनीच्या हाती देशातील जवळपास सर्व शुद्धीकरण होते, तेव्हा मक्तेदारी धरावी असे कोणालाही वाटेल. तसे धरले, तर नफ्याचे प्रमाण, म्हणजे सूत्राची डावी बाजू, ५० टक्के आणि खर्च २.१३ डॉलर येतो, जो नुसत्या कच्च्या मालाच्या खर्चापेक्षाही कमी आहे. वाटा केवळ ६० टक्के धरून कूर्नोचा हिशेब केला, तरी खर्च २.९८ डॉलर येतो, तोही अशक्यच. थेट मोजलेल्या खर्चावरून नफ्याचे प्रमाण मात्र सुमारे ५.४ टक्के आणि θ सुमारे ०.११ निघतो, मूळ अभ्यासातही θ ०.१ च्याच आसपास आला होता. नव्या कारखान्यांच्या आणि आयातीच्या भीतीने मोठ्या कंपनीलाही भाव आवरावा लागत असे, आणि हे वाट्याच्या आकड्यात दिसत नाही. म्हणून काढलेला खर्च कच्च्या मालासारख्या एखाद्या ज्ञात घटकाशी ताडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

केवळ एका किमतीवरून आणि एका लवचिकतेवरून θ आणि खर्च हे दोन्ही ठरत नाहीत, कारण समीकरण एक आणि अज्ञात दोन आहेत. मागणीची रेषा नुसती सरकत नसून तिचा उतारही बदलत असेल, उदाहरणार्थ हंगामानुसार, तर दोन्ही वेगळे करता येतात, हे टिमथी ब्रेस्नहन यांनी १९८२ मध्ये दाखवले.

दुसरी चूक लवचिकतेच्या जातीत होते. एका ब्रँडची स्वतःच्या किमतीबाबतची लवचिकता घेतली असेल, तर प्रतिस्पर्ध्यांचा परिणाम तिच्यात आधीच आलेला असतो. मग सूत्रात θ च्या जागी पुन्हा बाजारातील वाटा घातला, तर नफा अकारण कमी आणि खर्च जास्त निघतो. शिवाय किंमत आणि मागणी एकमेकांवर परिणाम करत असल्याने साध्या प्रतिगमनातून लवचिकता बहुधा शून्याकडे झुकलेली मिळते, आणि मग खर्च खूपच कमी दिसतो. साखरेच्या अभ्यासात क्यूबातून होणाऱ्या आयातीचा साधनचल म्हणून, म्हणजे मागणीशी थेट संबंध नसताना किंमत हलवणारा घटक म्हणून, वापर झाला तो यासाठीच. मक्तेदारी गृहीत धरली असताना लवचिकता १ पेक्षा कमी आली, तर खर्च ऋण निघतो. अशा वेळी आकडा शून्यावर आणून ठेवण्याऐवजी लवचिकतेचा अंदाज किंवा रचनेचे गृहीतक तपासावे.

लवचिकतेतील अनिश्चितता सगळीकडे सारखीच घातक नसते. ती १.५ ते २.५ दरम्यान असेल, तर मक्तेदारीत वरील उदाहरणातील खर्च १.४२ ते २.५५ डॉलर असा हलतो, पण θ ०.१ असताना तो केवळ ३.९७ ते ४.०८ डॉलर राहतो.

शेवटी काळ पाहावा लागतो. हे सूत्र नफा कमाल करणाऱ्या स्थिर किमतीसाठी आहे. १८८९ च्या अखेरीस क्लॉस स्प्रेकेल्स यांचा फिलाडेल्फियातील कारखाना सुरू झाल्यावर आणि १८९८ मध्ये आरबकल कंपनी साखरेत उतरल्यावर जी भावयुद्धे झाली, त्यांतील किमती प्रतिस्पर्ध्याला हुसकावण्यासाठी लावलेल्या होत्या. असे महिने नमुन्यातून वगळावेत, किंवा त्यांचा θ वेगळा काढावा.