हिमोग्लोबिन ठीक, तरी पायाला मुंग्या

स्क्वॉटनंतर तळपायाला मुंग्या यायच्या. मला वाटलं बूट घट्ट. पण रात्री झोपतानाही येऊ लागल्या, जिभेची आग होऊ लागली. हिमोग्लोबिन उत्तम होतं, त्यामुळे व्हिटॅमिन बी-ट्वेल्व्हच्या कमतरतेकडे लक्षच गेलं नाही. रक्त ठीक असूनही नसांना त्रास होऊ शकतो, हे डॉक्टरांनी सांगितलं. फोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या चालू असतील तर या कमतरतेचा अ‍ॅनिमिया झाकला जातो.

तपासणीत बी-ट्वेल्व्हची पातळी 160 आली; मिलीलीटरमागे 200 पिकोग्रॅमखाली कमतरता धरतात. 200 ते 300 मध्ये असेल तर होमोसिस्टीन किंवा एमएमए, म्हणजे बी-ट्वेल्व्ह कमी पडलं की रक्तात वाढणारे घटक, बघतात. बी-ट्वेल्व्हची गोळी सुरू करण्याआधीच तपासणीला रक्त द्यावं, नाहीतर आकडा फसवतो.

मुंग्या होत्या म्हणून डॉक्टरांनी आधी इंजेक्शनं दिली, मग रोज 1000 मायक्रोग्रॅमची गोळी. मुंग्या जायला काही महिने लागले. जिममधली वजनं काही एकदम वाढली नाहीत, तशी आशाही धरू नये.

आता दूध-दही-पनीर नेमाने. मोठ्या पेलाभर दुधात साधारण 1 मायक्रोग्रॅम मिळतं, गरज रोजची दोन-अडीच. डाळ, सोयाबीन, पालक यांत जवळजवळ शून्य. स्पिरुलिना या शेवाळातलं तर शरीराला उपयोगीच पडत नाही. दूधही न घेणाऱ्यांनी, किंवा मधुमेहावरची मेटफॉर्मिन वा अ‍ॅसिडिटीची गोळी कायम घेणाऱ्यांनी लक्षणांची वाट न पाहता तपासावं.