जुन्या पुस्तकाची ‘पहिली आवृत्ती’ फोटोवरून ओळखताना

विक्रेता ‘पहिली आवृत्ती, १९८५’ म्हणतो, पण हातात येते पुनर्मुद्रण. पैसे देण्याआधी कॉपीराइट पानाचा सरळ, पूर्ण फोटो मागवा.

१. तारखांची सगळ्यात शेवटची ओळ वाचा. वर ‘पहिली आवृत्ती : १९८५’ आणि खाली ‘पुनर्मुद्रण : २००९’ असेल, तर प्रत २००९ची.

२. इंग्रजी पुस्तकात बहुधा 10 9 8 7 6 5 4 3 अशी आकड्यांची ओळ असते. त्यातला सर्वांत लहान आकडा म्हणजे कितवी छपाई, इथे तिसरी.

३. आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक; त्याचे आकडे मोजा. तेरा आकडी क्रमांक २००७पासून रूढ झाला. १९८५च्या छपाईत तो दहा आकडीच हवा, किंवा नसेलही.

मलपृष्ठावरच्या बारकोडवर मात्र जाऊ नका, त्यात 978ने सुरू होणारा तेरा आकडी क्रमांक २००७च्या आधीपासूनच छापत. शिवाय पुनर्मुद्रणाला सहसा जुनाच आयएसबीएन राहतो, त्यामुळे नुसता क्रमांक जुळला म्हणून छपाई तीच ठरत नाही.