डायलिसिसच्या रुग्णाचे घरचे जेवण : या चुका टाळा

रक्ताच्या अहवालात पोटॅशियम वाढलेले दिसले की रुग्णाच्या घरची मंडळी ठरलेले उत्तर देतात : "आम्ही तर भाज्या रात्रभर भिजवूनच करतो." ते खोटे बोलत नसतात. पण कोणत्या आकाराचे तुकडे भिजवले, कशात शिजवले आणि शिजवलेल्या पाण्याचे काय केले, असे एकेक विचारत गेले की पोटॅशियम घरातून बाहेर गेलेच नव्हते, हे उघड होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या डायलिसिस केंद्रात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना मी सर्वाधिक वेळा ऐकलेली आणि सर्वाधिक चिडचिड करवणारी चूक हीच आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करते.

आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, डायलिसिस घेणारे एक निवृत्त शिक्षक आमच्याकडे येत असत. त्या वर्षी ऋषीपंचमी गुरुवार ते सोमवारच्या लांब खंडात आली. त्यांच्या पत्नीने ऋषीची भाजी केली : अळूची पाने व देठ, सुरण, लाल भोपळा, लाल माठ, पडवळ, मक्याचे कणीस आणि वरून ओले खोबरे. काकूंनी सगळे रात्री थंड पाण्यात भिजत घातले होते, परंतु सुरणाच्या फोडी मोठ्या होत्या, पाने अख्खी होती आणि सकाळी भाजी रीतीप्रमाणे अंगच्याच पाण्यात, वाफेवर शिजली. जेवणात त्या दिवशी भाजीच मुख्य, त्यामुळे सरांनी दुपारी दोन वाट्या आणि रात्री दोन वाट्या खाल्ल्या.

हिशेब असा आहे. अळूच्या कच्च्या पानांत शंभर ग्रॅममागे ६०० मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम असते, पडवळात त्याहून बरेच कमी. सगळ्या भाज्यांची सरासरी ४०० धरली आणि वाटी दीडशे ग्रॅमची मानली, तरी चार वाट्यांतून सुमारे २,४०० मिलिग्रॅम पोटॅशियम पोटात गेले. बहुतेक डायलिसिस रुग्णांना दिवसाची मर्यादा २,००० ते २,५०० च्या आसपास सांगितलेली असते. म्हणजे एका भाजीतच दिवस संपला, आणि त्यात खोबरे, दूध, डाळ आणि फळ धरलेलेच नाही.

सोमवारी सर केंद्राच्या पायऱ्या चढताना दोनदा थांबले. पाय जड झाले आहेत, ओठांभोवती मुंग्या येतात, असे ते म्हणाले. घरी हा गणपतीच्या धावपळीचा शीण समजला गेला होता. नाडी मंद लागत होती. ईसीजीत फेरफार दिसला, पोटॅशियम ६.८ आले. डायलिसिसआधीचे पोटॅशियम ५.५ च्या आत असावे अशी आमची अपेक्षा असते आणि ६.५ च्या पुढे हृदयाचे ठोके अचानक बिघडण्याचा धोका असतो. हृदयाला संरक्षण म्हणून कॅल्शियमचे इंजेक्शन देऊन त्यांना लगेच मशीनवर घेतले. ते वाचले, पण त्या दिवशी वाटेत एसटी बंद पडली असती तर काय झाले असते, हे मला सांगता येत नाही.

पोटॅशियम भाजीच्या पेशींच्या आत असते. अख्खी भाजी थंड पाण्यात कितीही वेळ ठेवली तरी पेशी शाबूत राहतात आणि फारसे काही बाहेर पडत नाही. उकळत्या पाण्यात पेशी फुटतात आणि पोटॅशियम पाण्यात उतरते. ते पाणी फेकले, तरच ते घराबाहेर जाते. प्रेशर कुकरमध्ये किंवा वाफेवर भाजी उत्तम शिजते, पण पोटॅशियम भांड्यातच राहते. माझ्या सवयीची पद्धत अशी : भाजी सोलून बारीक चिरा, धुऊन घ्या, मोठ्या पातेल्यात भाजीच्या निदान पाच ते दहा पट पाणी उकळा, त्यात भाजी मऊ होईपर्यंत झाकण न ठेवता शिजवा आणि चाळणीत निथळा. सुरण, बटाटा, अळू यांच्यासाठी अर्ध्यात पाणी बदलून पुन्हा नव्या पाण्यात उकळा. मग फोडणी द्या. एवढे केल्यावर बरेचसे पोटॅशियम जाते, सगळे जात नाही. म्हणून वाटी एकच, ही अट कायम राहते.

आता काटकसरीची गोष्ट. उकळलेले पाणी "सत्त्व आहे, वाया कशाला" म्हणून आमटीत ओतणाऱ्या सुना आणि आया मला दर महिन्याला भेटतात. काटकसर कोकणी घराचा गुण आहे, हे मान्य. पण हे पाणी केळीच्या बुंध्याला घाला, आमटीला नको. चव गेली अशी तक्रार येतेच. त्यावर लसूण, हिरवी मिरची, जिरे, कढीपत्ता आणि लिंबाचे दोन थेंब यांचा उपाय मी सांगते, मिठाचा नाही. "कमी सोडियमचे" म्हणून विकले जाणारे मीठ घरात असेल तर ते उचलून बाहेर ठेवा, कारण त्यात बहुधा काही सोडियमऐवजी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते.

शहाळे औषध म्हणून पाजण्याची आपल्याकडची समजूत इथे घातक आहे : एका शहाळ्याच्या पाण्यात साधारण ५०० ते ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम सहज असते. करमळ, म्हणजे कमरख, तर चाखूही नका. मूत्रपिंड निकामी असलेल्यांना त्यातल्या विषाने न थांबणारी उचकी, भ्रम आणि फेफरे येऊ शकतात. हापूस आणि फणसाबाबत मी कडक नाही, दोन छोट्या फोडी किंवा दोन गरे, तेही मशीनच्या आदल्या दिवशी नाही. फळाला उकळून पोटॅशियम काढता येत नाही, त्यामुळे तिथे प्रमाण हाच एक उपाय उरतो.

पाण्याची चूक वेगळी आहे. लोक पेल्यातले पाणी मोजतात आणि पेज, सोलकढी, ताक, आमटी, चहा यांना जेवण समजतात. चोवीस तासांत होणाऱ्या लघवीच्या मापात सुमारे ५०० मिलिलिटर मिळवावे, ही प्रवाही पदार्थांची सर्वसाधारण मर्यादा असते. लघवी २०० झाली तर सगळे मिळून ७००. मी रुग्णाला एक बाटली तेवढ्याच मापाने भरायला सांगते; पेजेची वाटी घेतली की बाटलीतून तेवढे पाणी ओतून टाकायचे. संध्याकाळी बाटली रिकामी झाली, तर वाद संपतो.

पण तहान आवरत नसेल, तर पाण्यावर चिडून उपयोग नाही, मीठ शोधा. सुमारे ८ ग्रॅम मीठ शरीरात साठले की त्यासोबत साधारण एक लिटर पाणी अडते आणि वजन किलोभर वाढते. सुकट, सुके बोंबील, खारवलेला बांगडा, लोणचे, पापड आणि कोकमाचे आगळ, हे आपले खारट मित्र. आगळात मीठ घातलेलेच असते, म्हणून त्याच्या सोलकढीत मीठ, नारळाच्या दुधातले पोटॅशियम आणि पाणी, तिन्ही गोष्टी एका वाटीत येतात. ताजा मासा मात्र सोडू नका. डायलिसिसमध्ये प्रथिने जातात आणि ती भरून काढण्यासाठी ताजा मासा किंवा अंड्याचा पांढरा भाग लागतो. कालवण पातळ न करता तव्यावर थोड्या तेलात भाजा, आणि जेवणातला फॉस्फरस अडवणारी गोळी दिली असेल तर ती जेवतानाच घ्या.

डायलिसिसने जादा पाणी काढल्यावर उरते ते कोरडे वजन; दोन डायलिसिसच्या मध्ये वजन त्याच्या चार टक्क्यांहून जास्त वाढू नये. ५० किलोच्या माणसाला ते दोन किलो होतात. रोज सकाळी लघवीनंतर, त्याच कपड्यांत, त्याच काट्यावर वजन करून कॅलेंडरवर लिहा. आणि लांब खंडात पाय जड वाटले, अंगातली ताकद गेली, छातीत धडधडले किंवा नाडी फार मंद लागली, तर केंद्राला फोन करा, दम लागत असेल तर थेट इस्पितळ गाठा. सोमवारची वाट पाहू नका.