ध्वनिचित्रमुद्रित पाठाच्या स्लाइडवर कॅमेऱ्याच्या चौकटीसाठी कोपरा कसा राखून ठेवावा

दहावीच्या गणित भाग २ मधील पायथागोरसच्या प्रमेयाची सिद्धता स्लाइडवर मांडताना आपण वहीतली पद्धतच वापरतो, म्हणजे डावीकडे विधान, मध्ये टिंबांची रांग आणि उजव्या कडेला कारण. प्रत्यक्ष वर्गात ही मांडणी उत्तमच असते. पाठ मुद्रित करताना मात्र उजव्या खालच्या कोपऱ्यात शिक्षकांचा चेहरा येऊन बसतो आणि नेमकी शेवटच्या ओळींची कारणे त्याच्या मागे जातात. स्लाइड पूर्ण झाल्यावर मजकूर इकडेतिकडे सरकवून हा प्रश्न सुटत नाही, कारण प्रत्येक स्लाइडवर तो नव्याने उभा राहतो. म्हणून जागा आधीच, आणि तीही साच्यातच, राखून ठेवावी.

सर्वप्रथम आपले साधन चौकट कोठे ठेवते ते पाहावे. पॉवरपॉइंटमधूनच मुद्रण केल्यास कॅमेऱ्याचे चित्र सामान्यतः उजवीकडे खाली येते. झूमवर स्क्रीन शेअर करून मुद्रण केल्यास बोलणाऱ्याचे छोटे चित्र उजवीकडे वर, म्हणजे शीर्षकाच्या शेवटावर येते. ओबीएस या ध्वनिचित्रमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये चौकट हवी तेथे ठेवता येते, म्हणून पुढील उदाहरण त्यावर बेतले आहे.

निवड आपल्या हाती असेल, तर उजवा खालचा कोपरा घ्यावा. मराठी मजकूर डावीकडून सुरू होतो, त्यामुळे ओळींची टोके उजवीकडे कमीजास्त होतात आणि तेथे जागा काढणे सोपे जाते. दुसरे कारण असे, की उतरवून घेण्यासाठी मुले व्हिडिओ थांबवतात, तेव्हा यूट्यूबची नियंत्रणपट्टी चित्राच्या तळाशी उमटते. ती मजकुरापेक्षा शिक्षकांच्या शर्टावर आलेली बरी. त्याच कोपऱ्यात बहुतेक साच्यांमध्ये पृष्ठक्रमांक किंवा शाळेचे बोधचिन्ह असते. ते डावीकडे न्यावे किंवा काढून टाकावे.

आता मापे ठरवू. पॉवरपॉइंटची रुंद स्लाइड ३३.८७ सेंमी रुंद आणि १९.०५ सेंमी उंच असते, तर मुद्रणाचे चित्र १९२० × १०८० पिक्सेलचे धरू. कॅमेऱ्याला रुंदीचा एक चतुर्थांश भाग द्यावा, म्हणजे ४८० × २७० पिक्सेल, जे स्लाइडवर ८.४७ × ४.७६ सेंमी होतात. मोबाईलवर ही चौकट जेमतेम तीन सेंटिमीटर रुंद दिसते. त्याहून लहान केल्यास चेहऱ्यावरील भाव कळत नाहीत आणि मग चौकट ठेवण्यातच फारसा अर्थ राहत नाही. उजवीकडून आणि खालून एकेक सेंटिमीटर सोडल्यास चौकटीचा डावा वरचा बिंदू स्लाइडच्या डाव्या कडेपासून २४.४ सेंमी आणि वरच्या कडेपासून १३.२९ सेंमी अंतरावर येतो.

या मापाचा आयत स्लाइडवर नव्हे, तर साच्यात काढावा. `View > Slide Master` उघडून डावीकडील यादीतील सर्वांत वरचा, मोठा साचा निवडावा, आयत काढावा आणि `Shape Format` मध्ये त्याची मापे व स्थान भरावे. आकडे इंचांत दिसत असतील, तर आकड्यापुढे `cm` लिहावे, रूपांतर आपोआप होते. आयताला तूर्त भडक पिवळा रंग द्यावा. साच्यातील वस्तू नेहमी स्लाइडवरील मजकुराच्या मागे राहते, त्यामुळे जे जे या पिवळ्या जागेवर चढेल ते लगेच नजरेत भरते.

खरी अडचण यानंतर येते. कोपरा वगळल्यावर उरलेली जागा काटकोनी वळणाची असते, पण मजकुराची चौकट कायम आयताकृती असते आणि मजकूर कोपऱ्याला वळसा घालून वाहत नाही. वर रुंद व खाली अरुंद अशा दोन चौकटी करता येतात, पण एक ओळ वाढली की मजकूर एकीतून दुसरीत हाताने हलवावा लागतो. माझ्या मते उजवा संपूर्ण स्तंभच वेगळा काढणे अधिक सोयीचे आहे. साच्यातील मुख्य मजकुराची चौकट डावीकडून १.५ सेंमीवर सुरू करून तिची रुंदी २१.८ सेंमी ठेवावी. स्तंभाचा वरचा भाग वाया जात नाही, कारण शीर्षकाखाली सुमारे साडेआठ सेंटिमीटरची जवळजवळ चौरस जागा मिळते आणि तेथे आकृती बसते.

त्याच वेळी मजकुराच्या चौकटीवर उजवी क्लिक करून `Format Shape` मधील `Do not Autofit` निवडावे. तसे न केल्यास चौकट अरुंद होताच अक्षरे आपोआप बारीक होऊ शकतात आणि देवनागरीतील रफार व उकार मोबाईलवर ओळखू येत नाहीत.

वरील सिद्धता या साच्यात बसवून पाहू. ∆ABC मध्ये ∠ABC = 90° आणि रेख BD ⊥ रेख AC ही आकृती उजव्या स्तंभात वर ठेवली, की सिद्धता संपेपर्यंत ती मुलांसमोर राहते. डावीकडे समरूपतेची विधाने, मग AB² = AD × AC आणि BC² = DC × AC, त्यानंतर दोहोंची बेरीज, अशा आठ-नऊ ओळी २४ पॉइंटमध्ये मावतात. कारणे उजव्या कडेला न नेता विधानानंतर थोडी जागा सोडून लगेच लिहावीत. AC (AD + DC) वरून AC × AC कडे जाताना ‘A-D-C’ हे कारण लागते आणि जुन्या मांडणीत तेच कॅमेऱ्यामागे जात असे. आता ते विधानाला लागूनच दिसते.

यानंतर `View > Slide Sorter` मध्ये सर्व स्लाइड एकत्र पाहाव्यात. पिवळा कोपरा कोठे झाकला गेला आहे ते तेथे कळते. बहुधा पूर्ण रुंदीची चित्रे आणि तक्ते दोषी निघतात. मोठा तक्ता कोंबण्यापेक्षा त्या एका स्लाइडपुरता कॅमेरा बंद ठेवणे चांगले. तपासणी संपली की पिवळा आयत साच्यातून काढून टाकावा. रंगीत किनार ठेवण्याचा मोह टाळावा, कारण कॅमेरा किंचित जरी सरकला तरी किनारीची फट दिसते.

ओबीएसमध्ये `Sources` यादीत कॅमेरा स्लाइडच्या वर ठेवून `Ctrl+E` दाबावे. `Position` मध्ये 1383 आणि 753 भरावे, `Bounding Box Type` मध्ये `Scale to inner bounds` निवडावे आणि आकार 480 × 270 द्यावा. लॅपटॉपचा पडदा १६:१० प्रमाणाचा असल्यास स्लाइडच्या वरखाली काळ्या पट्ट्या येतात आणि ही गणिते चुकतात. अशा वेळी स्लाइडचा स्रोत `Alt` धरून कडेने ओढावा, पट्ट्या कापाव्यात आणि मग तो संपूर्ण चित्रभर पसरवावा.

जुन्या ४:३ प्रमाणाच्या स्लाइड असतील, तर हा सारा खटाटोप करावाच लागत नाही. अशी स्लाइड १०८० पिक्सेल उंचीवर १४४० पिक्सेल रुंद होते. ती डाव्या कडेला चिकटवली, की उजवीकडे बरोबर ४८० पिक्सेलची पट्टी उरते आणि कॅमेरा तेथे अचूक बसतो.

शेवटी सर्वांत जास्त मजकुराची स्लाइड निवडून अर्ध्या मिनिटाचे मुद्रण करावे. ते मोबाईलवर आडवे धरून पाहावे आणि शेवटच्या ओळीवर थांबवून कोणते अक्षर झाकले जाते ते तपासावे. बोलताना हात चौकटीबाहेर कापले जात असतील, तर चौकट मोठी करू नये, कॅमेऱ्यापासून थोडे मागे बसावे.