मालवणी कादंबरीचं ओसीआर: शब्दयादी करताना या चुका टाळा

कथन प्रमाण मराठीत आणि संवाद मालवणीत अशी कादंबरी स्कॅन करून, चित्रातला मजकूर ओळखणाऱ्या टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रामला दिली, की प्रमाण मराठीचा भाग बऱ्यापैकी निघतो आणि संवादांची वाट लागते. ‘खय’चं ‘रवय’ होतं, ‘थय’चं ‘यय’, धामापूरचं ‘घामापूर’. यावर बोलीतले शब्द आणि गावांची नावं यांची यादी हा खरा उपाय आहे, पण ती घाईत केली तर उलट नुकसान करते. (हे छापील किंवा टाइप केलेल्या प्रतीपुरतं आहे. हाताने लिहिलेल्या मजकुरात टेसरॅक्ट मुळातच कच्चं पडतं.)

बरेच जण ओसीआरच्या निकालातूनच अनोळखी शब्द गोळा करतात. मग ‘घामापूर’ चारदा आलं म्हणून तेच यादीत बसतं. त्यापेक्षा संवाद भरपूर असलेली काही पानं मूळ प्रतीशी ताडून हाताने टाइप करा आणि शब्द त्यांतूनच उचला.

दुसरी चूक म्हणजे फक्त मूळ रूप देणं. यादीत ‘धामापूर’ आहे आणि ओसीआरच्या निकालात ‘घामापुरात’ आलंय, तर जुळणी होणारच नाही, कारण सामान्यरूपात ‘पू’चा ‘पु’ होतो. म्हणून प्रत्येक नावाची वापरातली रूपं लिहा: धामापुरात, धामापुराक, कुडाळाक, कुडाळात.

तिसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. ‘दऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे साठवला जातो:

```
U+0931 U+094D U+092F
U+0930 U+094D U+200D U+092F
```

पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण केल्यानेही ते एक होत नाहीत. यादी आणि मजकूर दोन्हीकडे दुसऱ्या प्रकाराच्या जागी पहिला घालून घ्या. शब्द यादीत असूनही सापडत नसेल, तर आधी हेच तपासा.

सगळ्यात महागात पडते ती सरसकट बदली. मालवणी ‘आसा’ वाचवायला सगळीकडे ‘असा’चं ‘आसा’ केलं, की कथनातला प्रत्येक ‘असा’ बिघडतो. ‘माका’ आणि ‘मका’चंही तेच. चुकलेलं रूप स्वतःच खरा शब्द असेल तिथे आपोआप बदल नकोच. त्या जागांवर खूण करा आणि मूळ पान बघून ठरवा. ‘खय’, ‘हय’, ‘थय’ एकमेकांपासून एका अक्षराने वेगळे आहेत, त्यामुळे ‘सर्वात जवळचा शब्द’ ही पद्धत इथे हमखास फसते. अशा छोट्या शब्दांसाठी ‘रवय’ऐवजी ‘खय’ अशा नेमक्या जोड्याच लिहा.

यादी `--user-words` ने टेसरॅक्टला देता येते, पण नव्या एलएसटीएम इंजिनवर तिचा परिणाम दिसेलच असं नाही. म्हणून ती ओसीआरनंतर मजकुरावर चालवणं भरवशाचं. चाचणीला यादीत न वापरलेली पानं घ्या आणि किती शब्द सुधारले याबरोबर आधी बरोबर असलेले किती बिघडले हेही मोजा. बिघडलेला प्रत्येक शब्द कुठल्या जोडीमुळे बिघडला ते शोधा आणि ती जोडी काढून टाका.