तीन घाणे, एकच रंग: कॉफी भाजण्याआधीची तयारी

एकच कॉफी वेगवेगळ्या आचेवर भाजून एकाच तापमानाला काढली, तर चव किती बदलते हे पाहायचे आहे. त्यासाठी आदल्या रात्रीच चिकमगळूरच्या वॉश्ड अरेबिकाचे 500 ग्रॅमचे तीन घाणे तोलून वेगवेगळ्या डब्यांत झाकून ठेवा. तिन्ही एकाच पोत्यातले हवेत. दाण्यातला ओलावा किंवा आकार बदलला, तर कपातला फरक आचेमुळे पडला की मालामुळे, हे सांगता येणार नाही. एक किलोच्या ड्रमला 500 ग्रॅम सोयीचे पडतात. सकाळी यंत्र निदान अर्धा तास तापू द्या आणि दर वेळी तापमापी त्याच आकड्यावर आली की मगच दाणे आत सोडा. लोखंड नीट तापलेले नसेल तर पहिला घाणा पुढच्या दोन्हींशी ताडून पाहता येत नाही.

वही किंवा लॅपटॉप शेजारी असू द्या. तापमानाची नोंद दर 30 सेकंदांनी करा, आणि त्याच्या बाजूला मिनिटाला किती अंश वाढले तेही लिहा. माझ्या मते हा दुसरा रकानाच खरा आलेख दाखवतो. दाणे टाकल्यावर आकडा एकदम कोसळतो आणि मिनिट-दीड मिनिटाने वर वळतो. त्या वेळी दाणे थंड होत नसतात. तापमापी आधी गरम हवा मोजत होती, आता तिला गार दाण्यांचा वेढा पडला आहे, एवढेच. म्हणून त्या वळणावरून फारसे निष्कर्ष काढू नका. दाणे पिवळे पडले ती वेळ टिपा, आणि दाणे तडतडून फुटू लागतात तो पहिला तडका कधी सुरू झाला ती वेळ तर अगदी सेकंदासह. एकटादुकटा दाणा फुटला म्हणून टिपण्याची घाई नको, सलग तडतड ऐकू आली की लिहा. तिथपासून दाणे बाहेर काढेपर्यंतचा काळ म्हणजे डेव्हलपमेंट टाइम.

आता तिन्ही घाणे मुद्दाम वेगळे भाजायचे, पण काढायचे मात्र एकाच तापमानाला. माझ्या यंत्रावर तडका 196 अंशांना येतो आणि मी 205 ला काढते. पहिला घाणा मोठ्या आचेवर गेला: 7 मिनिटे 10 सेकंदांना तडका, 7:55 ला बाहेर. म्हणजे 45 सेकंद, एकूण वेळेच्या साडेनऊ टक्के. दुसऱ्यात तडक्याच्या तोंडावर गॅस एकदम खाली आणला. 8:30 ला तडका लागला आणि वाढीचा वेग मिनिटाला नऊ अंशांवरून दोनवर आपटला. 205 गाठायला 11:00 वाजले. डेव्हलपमेंट अडीच मिनिटे, जवळपास 23 टक्के. तिसऱ्यात गॅस तडक्याच्या मिनिटभर आधीपासून थोडा थोडा कमी केला. तडका 8:20 ला, काढणी 10:00 ला, म्हणजे सुमारे 17 टक्के. वेग कमी होत गेला, पण कुठे खड्डा पडला नाही.

ताटात तिन्ही ढीग जवळपास सारखेच दिसतात. म्हणून तराजू आणि ग्राइंडर हाताशी ठेवा. पहिला घाणा 445 ग्रॅम भरला, दुसरा 432, तिसरा 434. पहिल्याची घट कमी, दाणा दळायला कडक, आणि पूड बाहेरच्या रंगापेक्षा फिकट. मोठ्या आचेवरचे शेंगदाणे बाहेरून डागाळतात आणि आत कच्चे राहतात, तसेच हे. दुसऱ्या घाण्याचा दोष मात्र तराजूवरही कळत नाही आणि पुडीतही दिसत नाही. 20 ते 25 टक्के डेव्हलपमेंट हवी असा नियम बरेच जण सांगतात आणि हा घाणा त्यात चपखल बसतो. टक्केवारी फक्त वेळ सांगते. त्या वेळात दाण्याला उष्णता मिळत होती की तो नुसता रेंगाळत होता, हे वेगाच्या रकान्यातच दिसते.

चव दुसऱ्या दिवशी घ्या. तीन सारखे कप, प्रत्येकात 8.25 ग्रॅम पूड, 150 मिली पाणी साधारण 93 अंशांचे, चार मिनिटांनी वर तरंगणाऱ्या पुडीची साय मोडायची. कपांच्या तळाला खुणेची चिठ्ठी लावा आणि घरातल्या कोणाकडून तरी जागा बदलून घ्या. पहिला कप कच्च्या शेंगदाण्यासारखा, वाळल्या गवतासारखा लागतो. आंबटपणा टोकदार, जिभेवर तुरट कोरडेपणा. दुसऱ्यात खटकणारे काहीच नसते, पण गोडवा बसलेला, फळाचा वास गेलेला, आणि मागे पाव किंवा पुठ्ठ्यासारखी सपाट चव. तिसऱ्यात आंबटपणा असतो, पण गोडव्याने सांभाळलेला.

कप कोमट होईपर्यंत थांबा. गरम असताना दुसरा आणि तिसरा मलाही कधीकधी वेगळे करता येत नाहीत. निवल्यावर तिसरा गोड होत जातो, दुसरा रिकामा वाटू लागतो आणि पहिल्याचा आंबटपणा आणखी बोचतो. त्या क्षणी पुढच्या घाण्याची नोंद लिहा: कच्चेपणा असेल तर सुरुवातीची आच उतरवून तडक्यानंतरचा वेळ वाढवा, सपाटपणा असेल तर वेळेला हात न लावता गॅस आधीपासून आणि लहान टप्प्यांत कमी करा. दोन्ही बदल एकाच घाण्यात करू नका.